३.४ नमुना निवड आणि नमुन्याचा आकार

प्रकल्पांना उशीर का होतो, हा या अभ्यासाचा प्रश्न. गेल्या २४ महिन्यांत किमान एक प्रकल्प पूर्ण केलेले किंवा रद्द झालेला प्रकल्प हाताळलेले व्यवस्थापक ही समष्टी. रद्द झालेले प्रकल्प मुद्दाम घेतले आहेत. केवळ पूर्ण झालेले मोजले तर सर्वांत बिघडलेले प्रकल्प आपोआप गळतात.

एका व्यावसायिक संघटनेच्या सदस्ययादीतून दुबार नावे काढल्यावर १,१८० जण उरले: माहिती तंत्रज्ञान ५६०, बांधकाम ३८०, उत्पादन २४०. समाजमाध्यमांवर प्रश्नावलीची लिंक टाकणे सोपे होते, पण तिथे कोणाची निवड होण्याची शक्यता किती, हे सांगता येत नाही. म्हणून स्तरित यादृच्छिक पद्धत निवडली.

९५% विश्वास पातळी, ±५% त्रुटी आणि p = ०.५ (याच किमतीला सर्वांत मोठा नमुना लागतो) धरून:

```
n0 = 1.96² × 0.5 × 0.5 / 0.05² = 384.16
n  = 384.16 / (1 + 383.16/1180) ≈ 290
```

पूर्वचाचणीत ४०% उत्तरे आली, म्हणून २९० ÷ ०.४० = ७२५ निमंत्रणे. प्रमाणानुसार वाटणी ३४४, २३४ आणि १४७. प्रत्येक स्तरात `=RAND()` ने क्रमांक देऊन ते लगेच स्थिर किमती म्हणून चिकटवले. तसे न केल्यास शीट बदलताच क्रमांक पुन्हा बदलतात आणि निवड पडताळता येत नाही.

उत्पादन क्षेत्रातून साधारण ५९ उत्तरे अपेक्षित आहेत. तिथे त्रुटी ±११% च्या आसपास जाते, म्हणून त्या क्षेत्राबद्दल स्वतंत्र निष्कर्ष काढलेले नाहीत.

±५% हा आकडा केवळ योगायोगाने होणारा फरक सांगतो. अभिनतीबद्दल तो काहीच सांगत नाही. समजा निम्मे प्रकल्प उशिरा संपले, पण उशीर झालेल्यांपैकी ३०% आणि वेळेवर संपवलेल्यांपैकी ५०% व्यवस्थापकांनी उत्तर दिले. एकूण प्रतिसाद ४०% च, पण उशिराचे प्रमाण ५०% ऐवजी ३७.५% दिसेल. निमंत्रणे वाढवली तरी तेच चुकीचे उत्तर अधिक खात्रीने मिळेल! हा या अभ्यासातला सर्वांत मोठा धोका आहे, कारण प्रकल्प अडकलेल्या माणसाला प्रश्नावली भरायला वेळच नसतो.

म्हणून ७ व्या आणि १४ व्या दिवशी स्मरणपत्र जाईल, आणि त्यानंतरही गप्प राहिलेल्यांपैकी यादृच्छिकपणे निवडलेल्या ४० जणांना फोनवर दोनच प्रश्न विचारले जातील: शेवटचा प्रकल्प वेळेवर संपला का, आणि संघात किती जण होते. त्यांची उत्तरे मुख्य नमुन्याहून वेगळी निघाली तर तो फरक निकालाशेजारीच छापला जाईल. कोणत्या प्रकल्पाबद्दल सांगायचे हेही उत्तरदात्यावर सोडलेले नाही. सर्वांत अलीकडे संपलेला किंवा रद्द झालेला, तोच. मोकळीक दिली तर माणूस आपला चांगला प्रकल्प निवडतो.

यादीतली उणीव मात्र भरून निघत नाही. पदनाम नसताना प्रकल्प चालवणारे अभियंते तिच्यात नाहीत, त्यामुळे निष्कर्ष या संघटनेच्या सदस्यांपुरतेच लागू मानले आहेत.