सायलीसाठी: मंगळवारच्या कॉलमध्ये काय झालं (जुने अंक युनिकोडमध्ये आणायचं काम)

सायली, रेकॉर्डिंग १ तास १० मिनिटांचं आहे, सगळं ऐकत बसू नकोस, ३४व्या मिनिटापासून पुढची वीसेक मिनिटं मात्र नक्की ऐक, तिथे समीरदादाने फाइल उघडून दाखवलीये. बाकीचं इथे लिहिते.

मासिकाचे १९९६ ते २०१० चे १८० अंक पेजमेकरमध्ये, श्रीलिपीच्या फॉन्टमध्ये लावलेले आहेत. त्यात आत मराठी नसतंच, भलत्याच चिन्हांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात, त्यामुळे फॉन्ट बदलला की सगळा मजकूर अगम्य होतो आणि शोधायला गेलं तर काहीच सापडत नाही. पहिली वेलांटी जुन्या फाइलमध्ये अक्षराच्या आधी असते, युनिकोडमध्ये नंतर, आणि रफाराचं बरोबर उलटं. हे समीरदादाच्या स्क्रिप्टमध्ये नीट बसलंय, त्याला हात लावू नकोस.

आता कुठे आहोत: ११२ अंकांचं रूपांतर झालंय, त्यातले ७४ वाचून तपासलेत. उरलेल्या ६८ पैकी ११ च्या फाइलीच उघडत नाहीत, ते छापील अंकांवरून टाइप करावे लागणार.

खरी अडचण ही की मागच्या महिन्यात आपण 'फालतू अदृश्य चिन्हं' म्हणून `U+200D` सगळीकडून उडवलं, आणि 'ऱ्या' लिहिताना काही ठिकाणी तेच वापरलं होतं. त्यामुळे 'सह्याद्रीच्या दऱ्या' चं 'सह्याद्रीच्या दर्या' झालं, म्हणजे दरीचा समुद्र! स्वयंपाक करणाऱ्या आचाऱ्यांचे थेट आचार्य झाले. स्पेलचेकला हे कळत नाही कारण दोन्ही शब्द बरोबरच आहेत, माणसानेच वाचायला हवं. कॉलमध्ये असं ठरलं की आता सगळीकडे `U+0931` चा ऱ वापरायचा, म्हणजे असा:

```
ऱ + ् + य  =  U+0931 U+094D U+092F
```

सुधारताना सरसकट रिप्लेस ऑल मारू नकोस प्लीज, 'सूर्या', 'कार्यालय' मधला रफार बरोबर आहे, तो जाईल. तपासलेल्या ७४ पैकी ४० अंक या गडबडीच्या आधीचे आहेत, ते सुरक्षित, बाकीचे ३४ परत वाचायचेत आणि ते काम तुझ्याकडे आलंय.

कोणाला काय विचारायचं: स्क्रिप्ट आणि बॅकअपचं समीरदादाला, तो दुपारी तीननंतर असतो. शुद्धलेखनाचं मीनलताईंना, पण एकेक शंका पाठवू नकोस, त्यांना दिवसाची एकत्र यादी आवडते. छापील अंकांचे बांधीव खंड कुलकर्णी काकांकडे आहेत, ते व्हॉट्सॲप बघत नाहीत, फोनच कर, आणि खंड घरी न्यायचा तर आधी त्यांना सांग, ही एकच प्रत उरलीये. लेखकांच्या परवानग्यांचं माझ्याकडे.

सोमवारी २००३ च्या जानेवारी अंकापासून सुरू कर, शीटमध्ये तुझं नाव टाकलंय, छापील अंक शेजारी ठेवूनच वाच.

— अश्विनी