मशीनचा हिशोब (मोठा मेसेज आहे, पण पूर्ण वाचा रे)

पंकज, हर्षल, सागर, तिघांनी वाचा आणि नुसता अंगठा टाकून मोकळे होऊ नका.

काल रात्री वॉशिंग मशीन मधेच पाणी सोडेना म्हणून मी फिल्टरची जाळी काढली. आत काय निघालं सांगू, मुठीएवढा काळा लोंदा, त्यात तुरीचा भुसा, चोपड्याच्या एसटीचं गोळा झालेलं तिकीट, एक शर्टाचं बटण आणि २ रुपयांची ३ नाणी. मी हात धूत उभा तर पंकज आतून विचारतो, काय व्हयनं भाऊ? व्हयनं काय, तुझ्या डाळ मिलचा अर्धा माल आपल्या मशीनमध्ये आहे.

पण एकट्या पंकजचं नाहीये हे. मी स्वतः मागच्या महिन्यात सकाळी चादरी लावून ऑफिसला निघून गेलो आणि संध्याकाळपर्यंत त्या आतच सडल्या, ४४ डिग्रीत बंद ड्रममध्ये ओले कपडे म्हणजे कसा वास मारतो ते सागरने सहन केलंय कारण त्याला दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिकल होती आणि शर्ट धुवायचा होता. सॉरी सागर, परत एकदा.

आता मुद्द्याचं. पावडर. आपण ४ किलोची पिशवी आणतो ४८० ची, सरळ १२० - १२० प्रत्येकी काढतो आणि विषय संपतो. पण मे महिन्यात मी सहज फ्रिजवरच्या कॅलेंडरवर रेघा मारत गेलो, कोणी किती वेळा मशीन लावलं. पंकज ११, हर्षल ७, मी ६, सागर ३. सागर वीस दिवस घरी होता तरी त्याने १२० दिले आणि तो बोलला पण नाही, हे बरोबर नाही ना भो.

आणि दुसरी गंमत बघा, २७ वेळा मशीन लागलं आणि ४ किलो पावडर संपली. म्हणजे एका वेळेला दीडशे ग्रॅमच्या आसपास! साडेसहा किलोचं मशीन आहे, लग्नाचा मंडप धुवायचा नाहीये. मापाचा चमचा हरवल्यापासून जो तो पिशवीच तिरपी करतो आणि पडेल तेवढं पडू देतो. आपलं बोअरचं पाणी जड आहे, फेस कमी होतो, मान्य, पण म्हणून डबल ओतली की ती कपड्यातून निघत नाही, माझ्या काळ्या पॅंटवर पांढरे ओरखडे दिसतात ते त्याचेच, मला ऑफिसात विचारलं रांगोळी काढून आला का म्हणून. तर मी आज वाण्याकडे जाऊन काट्यावर मोजून आलो, कटिंग चहाचा जो छोटा ग्लास आहे तो सपाट भरला की ८० ग्रॅम. तो ग्लास आता पावडरच्या डब्यातच राहील, त्यात कोणी चहा पिऊ नका. कपडे कमी असतील तर अर्धाच टाका.

८० ग्रॅमने पिशवी ५० वेळा पुरते, म्हणजे एका वेळेचे १० रुपये धरू. वर २ रुपये मशीनच्या डब्यात, त्यातून महिन्याला क्षार काढायची पावडर आणि पाइप वगैरे गेला तर तो. असे एका धुण्याचे १२. जो लावेल त्याने कॅलेंडरवर आपल्या नावापुढे रेघ मारायची, महिन्याच्या शेवटी मी मोजतो. मे महिन्याचंच या हिशोबाने बघा, पंकज १३२, हर्षल ८४, मी ७२, सागर ३६. पंकज, तुला फक्त १२ रुपये वाढतायत, तोंड वाकडं करू नको. लाइटबिल मात्र चौघांत सारखंच ठेवू, गार पाण्याच्या एका धुण्याला किती युनिट जातं ते धरून भांडत बसलो तर आयुष्य जाईल. हर्षलला आपल्या पावडरने हाताला खाज येते, तो यापुढे स्वतःचं लिक्विड वापरणार असेल तर त्याने फक्त २ रुपये द्यायचे. आणि हर्षल, तुझा मावसभाऊ राहायला आला की त्याचे कपडे तुझ्याच रेघेत हं.

पाण्याचं तर तुम्हाला माहीतच आहे. नळ एक दिवसाआड, तेव्हाच टाकी भरते, बोअर मे महिन्यात अर्धा तास चालली की हवा सोडते. एका धुण्याला शंभर लिटरच्या आसपास पाणी जातं. म्हणून ज्या दिवशी नळ त्याच दिवशी मशीन, मधल्या दिवशी फारच अडलं तर एकच लोड आणि तोही ग्रुपवर विचारून. मागच्या मंगळवारी दोघांनी पाठोपाठ लावलं आणि सकाळी मी डोक्याला शाम्पू लावून कोरड्या नळाखाली उभा होतो. कोणाचा वार ठरवत नाही कारण पंकजची शिफ्ट बदलते, लावायच्या आधी ग्रुपवर "मशीन माझं" एवढं टाका, ज्याचा मेसेज आधी त्याचा नंबर आधी. रात्री १० नंतर मात्र नाही, ड्रायर फिरला की खालच्या काकूंचं कपाट हलतं, त्या दोनदा वर येऊन गेल्या, तिसऱ्यांदा घरमालकाला फोन करतील.

मशीन वाजलं की अर्ध्या तासात कपडे काढायचे. नाही काढले तर पुढच्याने ते निळ्या टबमध्ये काढून ठेवावेत, जमिनीवर नाही, आणि ज्याचे आहेत त्याने रुसायचं नाही. गॅलरीत सध्या तासाभरात कडक वाळतात, तर दोरी पण मोकळी करा, पंकजचा टॉवेल तीन दिवस तिथंच पापड होऊन लटकलाय.

हर्षल, तुझ्यासाठी वेगळं सांगतो, राग मानू नको. रावेरहून शेतातले कपडे आणतोस ते सगळ्यांच्या कपड्यांसोबत नाही टाकायचे. केळीचा चीक एकदा बसला की तो काय जातो का, तुझ्याच आईने सांगितलंय तुला. परवा विचारलं तर "मले काय माहीत भो" म्हणे, केळीवाल्याच्या पोराला माहीत नाही तर कोणाला! ते बादलीत वेगळे भिजव आणि वेगळे लाव. पंकज, तू कपडे गॅलरीत नाही, खाली जाऊन झटक, मग टाक. खिसे सगळ्यांनी तपासायचे, मी पण. नाणं किंवा खिळा अडकून पंप गेला आणि कोणाचा ते कळलं तर दुरुस्ती त्याची, बाकी सगळा खर्च आधी डब्यातून आणि मग चौघांत. जाळी दर लोडनंतर नळाखाली धरायची, दोन मिनिटांचं काम आहे.

सागर, तू परीक्षेनंतर फ्लॅट सोडायचं म्हणतोयस ना. मशीन आपण जुनं ८००० ला घेतलं, प्रत्येकी २०००. तुझ्या जागी जो येईल त्याच्याकडून १५०० घेऊन तुला देऊ असं मला वाटतं, जमतंय का सांग.

१ जूनपासून चालू करू. काही पटत नसेल तर उद्या रात्री जेवताना बोला, मी शेवभाजी आणतोय, पण तेलाचे हात शर्टाला पुसू नका. आणि ती ३ नाणी मी फ्रिजवर ठेवलीत, बटणासकट. ज्याची असतील त्याने घ्या, बटण बहुतेक माझंच आहे.