कर्कटक

दृश्य १ / बाह्य / रेल्वे फलाट / संध्याकाळ

बाकावर कुमुद (६५), मांडीवर पिशवी. शेजारी शालिनी (६५) डाव्या हाताने आरक्षणाचा फॉर्म भरतेय. पेन उमटत नाही. झटकते. पुन्हा झटकते.

शालिनी
जरा पेन देता का?

कुमुद पेन काढते, पण देत नाही. तिची नजर त्या डाव्या हातावर.

कुमुद
परत मिळेल ना?

शालिनी
अहो, म्हणजे काय!

कुमुद
नाही, आठवीत दिलेलं कर्कटक अजून यायचंय.

शालिनी चष्मा वर सरकवते. बघत राहते. (इथे संगीत नको, फक्त फलाटाचा गलका.)

शालिनी
कुमे?

कुमुद
बावन्न वर्षं झाली, शाले.

शालिनी
अगं, ते हरवलं गं. सांगायची भीती वाटली, म्हणून तुझ्या बाकावर बसणंच सोडलं.

कुमुद
आणि मी समजले, तू रुसलीस.

गाडी येऊन थांबते. कुमुद उठते, पिशवी उचलते.

शालिनी
तुझं पेन!

कुमुद
(डब्यात चढत) राहू दे. नंबर लिही त्याने.

शालिनी फॉर्म उलटा करून खिडकीसोबत चालत लिहू लागते. गाडी हलते.