खालच्या डाव्या पायाकडे बघा

फोटोत आधी छत्र्या दिसतील. सात-आठ ओल्या छत्र्या, कडेला एक कळशी, आणि त्यांच्याखाली दबलेला बाक. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या गावची सरकारी प्राथमिक मराठी शाळा. गेल्या शुक्रवारी वह्या वाटायला गेलो होतो. पाऊस असा की व्हरांड्यात उभे राहूनही बाईंशी ओरडून बोलावे लागत होते. बोलता बोलता नजर कोपऱ्यात गेली आणि पुढचे बाई काय म्हणाल्या ते मला आठवत नाही.

आता खालचा डावा पाय बघा. त्याच्याखाली कौलाचा तुकडा आहे.

हा बाक पहिल्यापासून एका पायाने आखूड. गावच्या मेस्ताने फणसाच्या लाकडाचा केलेला, फळी अशी जाड की अजून वाळवी तिला चावायला धजलेली नाही, पण पाय मात्र चुकला. पहिली ते तिसरी आम्ही जमिनीवर बसायचो. शेणाने सारवलेली नव्हे हां, कोब्याची जमीन, पण पावसाळ्यात तीही घाम सोडायची आणि चड्डी दिवसभर ओली. बाक फक्त चौथीला. त्यामुळे चौथीत जाणे म्हणजे पास होणे वगैरे नंतर, आधी जमिनीवरून वर चढणे.

एका बाकावर तिघे. मी भिंतीकडे, म्हणजे आखूड पायाकडे. पाढे म्हणताना सगळा वर्ग पुढे-मागे डुलायचा आणि आमचा बाक ठेका धरायचा. बारा एके बारा, टक. बारा दुणे चोवीस, टक. बाईंना तो आवाज सहन व्हायचा नाही. मग आमच्यापैकी कोणीतरी बाहेर जाऊन छपरावरून पडलेल्या मंगळुरी कौलाचा बरोबर मापाचा तुकडा शोधून आणायचा. मोठा झाला तर बाक दुसरीकडे कलायचा, म्हणून तो चिऱ्यावर घासून बारीक करायचा. यात अर्धा तास सहज जायचा. खरे सांगायचे तर तुकडा दर आठवड्याला हरवायचा नाही. आम्ही तो हरवायचो. सतराचा पाढा असला की हमखास.

फळीवर मधोमध काळा डाग दिसतो, तो शाईचा नाही. मार्च महिना, खिशात चोरलेले काजूचे ओले बिबे, आणि मधल्याने बाईंची पाठ फिरल्यावर एक बाकावरच फोडायला घेतला. चीक उडाला. त्याच्या बोटांची कातडी आठवडाभर सोलत होती, बाकाचा डाग अजून आहे. घरी त्याने मार खाल्ला तो वेगळा. भाजल्याबद्दल नव्हे, बिबे दुसऱ्याच्या काजूतले होते म्हणून.

मी चौथीला होतो ते वर्ष 1986-87. गोवा, दमण आणि दीव हा केंद्रशासित प्रदेश आहे, हे याच बाकावर बसून घोकून पाठ केले. परीक्षा दिली, पास झालो, सुट्टीत आंबे खाल्ले, आणि 30 मे 1987 ला गोवा घटक राज्य झाले. दमण-दीव वेगळे. इतक्या कष्टाने पाठ केलेले उत्तर दोन महिन्यांत चुकीचे ठरले याचा मला राज्य मिळाल्याच्या आनंदापेक्षा रागच जास्त आला होता.

खिडकीकडे बसायचा तो पुढे कदंब बसवर ड्रायव्हर झाला. मधल्याने खाणीवर टिपर चालवला, 2012 ला खाणी बंद पडल्यावर घरी आला, आता काजू बघतो. स्वतःचे. मी पणजीला, खुर्चीवर. तिला चाके आहेत, पण ठेका नाही.

तेव्हा चौथीच्या एका वर्गात आम्ही एकोणीस होतो. आज चारही वर्ग मिळून अकरा मुले. प्रत्येकाला स्वतःची प्लास्टिकची खुर्ची. त्यामुळे बाक व्हरांड्यात. कोणी फोडून चुलीत घातला नाही, हेच खूप.

छत्र्या सरकवून बसलो. गुडघे छातीला लागले. दुसरीतली एक मुलगी धावत आली. मला वाटले छत्री पाडली म्हणून ओरडणार.

"सर, त्या कुशीक बसूं नाकात, हालता तो."

म्हटले, ठाऊक आहे. तिला ते पटले नसावे. खाली वाकली, कौलाचा तुकडा पायाने आत सरकवला, बाक हलवून बघितला, आणि मग मला म्हणाली, आता बसा.