ऑर्डर क्र. 40718: डब्याच्या सीलबद्दल शंका, बॅच व खरेदीचे बिल पाठवा

नमस्कार,

8 जुलैला मी तुमच्या म्हापशाच्या दुकानातून पहिल्या टप्प्याच्या फॉर्म्युल्याचे 400 ग्रॅमचे दोन डबे ऑनलाइन मागवले. त्यातला एक अर्धा संपला. दुसरा काल रात्री उघडायला घेतला आणि हात थांबला.

प्लास्टिकचे झाकण काढले तर आतली चंदेरी फॉइल एका बाजूने बोटभर सुटलेली. कडेला पिवळट गोंदासारखे काहीतरी सुकले आहे, अजून किंचित चिकटते. आधीच्या डब्यांची फॉइल ताठ असायची, हिला सुरकुत्या आहेत. बुडावरच्या बॅच नंबरचे 2406 एवढे वाचता येते, पुढचे दोन आकडे पुसलेले. त्याच्याच खालची उत्पादनाची तारीख मात्र स्वच्छ आहे. फोटो जोडले आहेत.

फोनवर तुमच्या माणसाने सांगितले, "वाटेत दबला असेल, परत पाठवा, बदलून देतो." डबा मी परत देणार नाही. तो पिशवीत बांधून वेगळा ठेवला आहे. बदली डबा नको, पैशांचे नंतर बघू. हा माल तुमच्याकडे आला कुठून, ते मला हवे आहे.

माझी मुलगी सात आठवड्यांची आहे, दिवस भरायच्या आधी झालेली. पावडरचे दूध मुळातच निर्जंतुक नसते; त्यात क्रोनोबॅक्टरसारखा जंतू टिकू शकतो आणि अशाच बाळांना तो सर्वांत घातक असतो. त्यात सील सुटलेले आणि ही पावसाळी हवा. पहिला डबा उघडताना सील नीट होते का, हे कितीही आठवले तरी आठवत नाही. तो अर्धा डबा तिच्या पोटात गेला आहे. आज सकाळी डॉक्टरांना दाखवून आणले, सध्या ती ठीक आहे. तो डबाही बंद केला.

म्हणून 13 जुलै संध्याकाळी 5 पर्यंत दोन्ही डब्यांचा पूर्ण बॅच नंबर आणि तुम्ही ज्या वितरकाकडून ते घेतले त्याच्या बिलाची प्रत पाठवा. बिलावर तारीख आणि वितरकाचे नाव स्पष्ट दिसले पाहिजे. तुम्ही मला दिलेल्या बिलावर एफएसएसएआयचा 14 अंकी परवाना क्रमांकच नाही, तोही कळवा. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, 2006 च्या कलम 27 प्रमाणे माल कोणाकडून घेतला हे सांगता आले नाही, तर जबाबदारी विक्रेत्यावर येते.

उत्तर आले नाही तर दोन्ही डबे घेऊन मी बांबोळीला अन्न व औषध प्रशासनाकडे जाईन.

आणि एक गोष्ट 13 तारखेची वाट न पाहता करा. या खेपेतले उरलेले डबे आजच विक्रीतून काढा आणि ज्यांनी ते नेले त्यांना फोन करा. त्यांच्या घरीही तान्ही बाळेच आहेत.

वर्षा गावस
डिचोली
11 जुलै