सर्किट कोणत्या पद्धतीने सोडवायचं: मंगळवारच्या लेक्चरवरून फ्लोचार्ट

सरांचं दीड तासाचं लेक्चर एका पानात बसवलंय. त्यातली वीस मिनिटं लाइट नव्हती आणि पत्र्यावर पाऊस असा कोसळत होता की शेवटच्या बाकांवर फक्त सरांचे हात दिसत होते. त्या बाकांवरच्यांसाठी आणि लेक्चरला दांडी मारून मासे आणायला गेलेल्यांसाठी हे. चौकट 1 पासून सुरू करा, बाण सांगेल तिकडे जा.

चौकट 1. प्रश्नात शेवटी काय मागितलंय?
त्याखाली पेन्सिलीने रेघ मारा. सर तीनदा म्हणाले, "सर्किट बघून पद्धत ठरवू नका, प्रश्न बघून ठरवा." → 2

चौकट 2. डायोड, झेनर असं काही आहे का?
होय → 10. नाही → 3

चौकट 3. सोर्स कसला? स्विच कधी पडतो?
डीसी आणि सगळं स्थिरावलेलं: कपॅसिटर उघडा, इंडक्टर शॉर्ट धरा → 4
एसी, एकच फ्रिक्वेन्सी: R, L, C च्या जागी R, jωL, 1/jωC लिहा, पुढचा सगळा रस्ता तोच → 4
वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सींचे सोर्स एकत्र: इथे सुपरपोझिशनच. प्रत्येक फ्रिक्वेन्सीचं सर्किट वेगळं सोडवा, फेझर एकमेकांत मिळवू नका, उत्तरं वेळेच्या रूपात आणून मग मिळवा.
"t = 0 ला स्विच बंद केला" असं काही लिहिलंय → 9

चौकट 4. सोर्स एकच आहे का?
नाही → 5
होय: सिरीज-पॅरलल करत सर्किट आवळत जा. आवळलं तर ओहमचा नियम लावून मोकळे व्हा, उगाच मेश मांडू नका. मध्येच ब्रिज आडवा आला तर आधी चार हातांचं गुणोत्तर बघा. ब्रिज बॅलन्स असेल तर मधल्या हातात करंटच नाही, तो काढून टाका. बॅलन्स नसेल तर डेल्टाचा स्टार करा (तिन्ही 30 Ω असतील तर स्टारचे तिन्ही 10 Ω) आणि पुन्हा आवळा. डिपेंडंट सोर्स असेल तर हे आवळणं बंद → 5

चौकट 5. एकाच घटकाबद्दल विचारलंय का? किंवा लोड बदलत राहणार आहे का?
होय → 6. नाही → 7

चौकट 6. थेव्हेनिन (किंवा नॉर्टन)
लोड उपसून बाजूला ठेवा. उघड्या टोकांवरचं व्होल्टेज म्हणजे Vth. मग व्होल्टेज सोर्स शॉर्ट, करंट सोर्स उघडा, आणि टोकांतून आत बघितल्यावर दिसतो तो Rth. "जास्तीत जास्त पॉवर" हे शब्द दिसले तरी इथेच या: डीसीला RL = Rth.

गेल्या परीक्षेत निम्मा वर्ग इथे घसरला, मीही त्यातच. डिपेंडंट सोर्स मारायचा नसतो, तो जिवंतच राहतो. तेव्हा टोकांना स्वतःचा 1 A चा सोर्स जोडा. जे व्होल्टेज येईल तेच ओहममध्ये Rth.

चौकट 7. "या सोर्समुळे किती, त्या सोर्समुळे किती" असं विचारलंय का?
होय: सुपरपोझिशन. एकेक सोर्स ठेवा, करंट काढा, चिन्हासकट बेरीज करा. पॉवरची बेरीज मात्र करू नका, का ते खाली होडीच्या उदाहरणात दिसेल.
नाही → 8

चौकट 8. नोड की मेश? नोड n आणि फांद्या b मोजा.
नोडल समीकरणं: (n − 1) वजा व्होल्टेज सोर्स
मेश समीकरणं: (b − n + 1) वजा करंट सोर्स
जी संख्या लहान, ती पद्धत. सारखी आली तर व्होल्टेज मागितलं असेल तिथे नोडल, करंट मागितला असेल तिथे मेश. तारा एकमेकींवरून गेल्याशिवाय सर्किट कागदावर बसतच नसेल तर मेश विसरा, नोडलच. दोन नोडांमध्ये नुसता व्होल्टेज सोर्स असेल तर सुपरनोड, दोन मेशांच्या मध्ये करंट सोर्स असेल तर सुपरमेश. जिथे सगळ्यात जास्त फांद्या जुळतात तो नोड शून्य धरा.

मोजण्यात फसतं ते इथे: बॅटरी आणि तिचा स्वतःचा रेझिस्टन्स ही मिळून एकच फांदी. त्यांच्या मधला जोड नोड म्हणून मोजायचा नाही, आणि असा सोर्स वजाबाकीतही धरायचा नाही.

होडीचं उदाहरण
सरांनी फळ्यावर मिरकरवाड्याची होडी काढली. समांतर जोडलेल्या दोन बॅटऱ्या, एक 13 V, दुसरी जुनी 12 V. खाऱ्या हवेने टर्मिनलवर थर चढलेला, म्हणून वायरीसकट दोघींचा रेझिस्टन्स प्रत्येकी 1 Ω धरला. लोड 2 Ω.
फांद्या 3, नोड 2. मेशला 2 समीकरणं, नोडलला 1. म्हणून नोडल:

```
(V − 13)/1 + (V − 12)/1 + V/2 = 0
2.5 V = 25,  V = 10
```

पहिलीतून 3 A, दुसरीतून 2 A, लोडमध्ये 5 A. मी घाईत मेशने सुरू केलं होतं. उत्तर आलं, पण तोवर पुढच्या बाकावरची पोरं वह्या मिटून बसली होती.

मग सरांनी लोड बदलायला सुरुवात केली आणि चौकट 6 कशासाठी ते कळलं. Vth = 12.5 V, Rth = 0.5 Ω. लोड 4.5 Ω केला तर 12.5/5 = 2.5 A, एका ओळीत. लोड काढला तर? तरीही नव्या बॅटरीतून जुनीत 0.5 A जात राहतो. "रात्री होडी बांधून ठेवता, सकाळी बॅटरी उतरलेली, आणि नाव पोराचं," सर म्हणाले. मागून कोणीतरी खरंच "होय सर" म्हणालं.

सुपरपोझिशनने लोडचा करंट 2.6 + 2.4 = 5 A, बरोबर. पॉवर तशी मिळवली तर 13.52 + 11.52 = 25.04 W. खरी पॉवर 5 × 5 × 2 = 50 W. निम्मी गायब.

चौकट 9. स्विचचा प्रश्न
कपॅसिटर किंवा इंडक्टर एकच असेल तर तीन गोष्टी पुरतात: सुरुवातीची किंमत, शेवटची किंमत, आणि τ = RC किंवा L/R. R म्हणजे त्या घटकाच्या टोकांतून दिसणारा Rth.

```
x(t) = x(∞) + [x(0+) − x(∞)] e^(−t/τ)
```

स्विच पडताना कपॅसिटरचं व्होल्टेज आणि इंडक्टरचा करंट उडी मारत नाही, x(0+) तिथूनच मिळतं. दोन्ही एकत्र असतील तर लाप्लास. तो पुढच्या आठवड्यात.

चौकट 10. डायोड
चालू आहे असं धरा (सिलिकॉनला 0.7 V), सोडवा, करंट उलटा आला तर बंद धरून पुन्हा सोडवा. डायोड एकच असेल तर बाकी सर्किटाचं आधी थेव्हेनिन करून घ्या. सुपरपोझिशन इथे चालत नाही.

चौकट 11. पडताळा (कुठूनही आलात तरी)
सोर्सनी दिलेली पॉवर आणि रेझिस्टन्सनी खाल्लेली पॉवर जुळवा. होडीत: 13 × 3 + 12 × 2 = 63 W. खाल्लेली: 9 + 4 + 50 = 63 W. जुळलं नाही तर चिन्ह चुकलंय, चौकट 8 ला परत.