पंचा परत पाठवतेय

डोंबिवली
16 ऑक्टोबर 2025

प्रिय वहिनी,

ओंकार शनिवारी देवगडला येतोय, त्याच्याबरोबर हे पत्र देतेय. पाकिटावर नुसतं तुझं नाव घातलंय, पुढे काही नाही. तुला कळेल.

तेराव्यानंतर आपण चार वेळा फोनवर बोललो आणि चारही वेळा "जेवलीस का" आणि "आईची गोळी झाली का" याच्या पुढे गेलो नाही. माझा आवाज कापला की तू गप्प होतेस, तू गप्प झालीस की मी फोन ठेवते. म्हणून लिहितेय. लिहिताना मी रडले तरी तुला माझी समजूत काढावी लागणार नाही.

आधी तेच सांगते. मी आले त्या रात्रीपासून तुतारी पकडायला कणकवलीला निघेपर्यंत घरातल्या बायका माझ्याच पाठीवरून हात फिरवत होत्या. एकुलता एक भाऊ गेला बिचारीचा. आणि तू आत होतीस. कोण बिनसाखरेचा घेतं, कोणाला कोरा लागतो, ते बघत होतीस. दहाव्याच्या दिवशी मी मागच्या पडवीत रडत बसले तेव्हा पाण्याचा तांब्या घेऊन कोण आलं, तर तू. मी तो घेतला, प्यायले आणि पुन्हा रडायला लागले. तुला पाणी कोणी दिलं का, हे मला गाडीत, रत्नागिरी मागे पडल्यावर सुचलं. चुकलं माझं, वहिनी. हे वाचून "तसं काही नाही गो" म्हणून फोन करू नकोस. तसंच होतं.

आणखी एक. त्या सकाळचं मी तुला तीनदा सांगायला लावलं. येणारा प्रत्येक जण विचारत होता आणि तू चहाच्या कपापासून पुन्हा सुरुवात करत होतीस. वर, "पाच मिनिटांत गेला, भाग्यवान" हे ऐकून घ्यायचं. ती पाच मिनिटं तू एकटीने काढलीस. मी आता त्यातलं काही विचारणार नाही. तुला कधी सांगावंसं वाटलं, अगदी रात्री दोनला, तर सांग.

माझं म्हणशील तर शनिवार जड जातो. रात्री नऊला दादाचा फोन यायचा, माहीत आहेच तुला, तूच मागून ओरडायचीस, "बिल वाढतंय" म्हणून. गेल्या शनिवारी नऊला फोन हातात घेऊन बसले होते. बाकी रडायला इथे हे आहेत, ओंकार आहे. ते ओझं तुझ्याकडे नको.

त्यापेक्षा एक गोष्ट सांगते. ती दादाने तुला सांगितली नसणार, तो कसला सांगतोय.

2021 च्या मे महिन्यात तौक्ते येऊन गेलं, तेव्हा तुमच्याकडे कितीतरी दिवस ना वीज ना रेंज. लॉकडाऊनमुळे मला येताही येईना. मग एका रात्री त्याचा फोन आला. वरच्या बागेतली किती झाडं मुळासकट गेली ते सांगत होता, एकेक झाड नावानिशी, बाबांनी लावलेलं खळ्याकडचंसुद्धा. मग थांबला. म्हणाला, "बाय, मी पायरीवर बसून राहिलो होतो. उठवत नव्हतं. ही टोपल्या घेऊन आली आणि म्हणाली, पडलाय तो आधी उचलूया, रडायचं ते संध्याकाळी रडू." मग तुम्ही दोघांनी आणि त्या नेपाळी रखवालदाराने मिळून सगळा आंबा गोळा केलात, पिकेल तो कॅनिंगला घातलात आणि कच्च्याची तू आंबोशी केलीस. ती आंबोशी मी दोन वर्षं आमटीत घालत होते, पण ती कुठून आली हे ठाऊक असून तुला कधी बोलले नाही. तर दादा पुढे म्हणाला, "ही नसती तर मी बाग विकून तुझ्याकडे डोंबिवलीला वॉचमन झालो असतो." मी म्हटलं, हे तिला सांग. तर म्हणाला, "सांगितलं तर डोक्यावर बसेल."

मला हे ठेवून काय करायचंय? हे तुझं आहे.

(तसा तो मलाही कुठे सोडायचा! चांगली पेटी वाशीला, डागी पेटी बहिणीला. चाळीस वर्षं मी डागी हापूस खाल्ला आणि सोसायटीत "भावाची बाग आहे" म्हणून मिरवले.)

आता कामाचं.

तेराव्याला काकांनी बाग कराराने द्यायचा विषय काढला. माझं मत विचारलं तर मी मान हलवली. ती हो म्हणून हलवली नव्हती, तिथून सुटायला हलवली होती. मोहोराला अजून वेळ आहे. तू आणि केदार ठरवा. फवारणीचं सगळं दादाच्या निळ्या वहीत तारीखवार आहे, हे तुला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक. कोणी "तुमच्या नणंदेचंही म्हणणं आहे" म्हणून काही सांगायला आलं तर सरळ सांग, तिचं काही म्हणणं नाही.

सातबाऱ्यावर दादाच्या जागी तुझं, मुलांचं आणि आईचं नाव लागायला हवं. मृत्यूचा दाखला हातात आला की वारस नोंदीचा अर्ज देऊन टाका, तीन महिन्यांच्या आत द्यायचा असतो. केदारला सुट्टी मिळणार नसेल तर हे येतील, तलाठ्याकडच्या खेपा त्यांना जमतात. बाबांच्या मागे माझंही नाव तिथे लागलंय, त्याचा विचार मनात आणू नकोस. मला काही मागायचं नाही.

आई रोज सकाळी "तो बागेतून आला का" विचारते, असं मुक्ता म्हणाली. त्याला रोज उत्तर द्यायचं, म्हणजे तुझी कमाल आहे. दिवाळी झाल्यावर आईला दोन महिने इकडे आणायला मी तयार आहे. पण ती गेली की घर आणखी रिकामं वाटणार असेल तर नको. मग मीच येते, पंधरा दिवस, स्वयंपाकघर तू म्हणशील तेवढंच हातात घेईन. दोन्ही नको म्हणालीस तरी चालेल, मनाला लावून घेणार नाही. मुक्ता परत जायच्या आधी तेवढं कळव, म्हणजे मध्ये तू एकटी पडायला नको.

यंदा सण नाहीच. 23 तारखेला भाऊबीज आहे. त्या दिवशी मी फोन करणार नाही, तू माझी काळजी करत बसशील. दुसऱ्या दिवशी करते.

आणि शेवटचं. बागेतून आला की दादा पंचा पडवीतल्या खुंटीवर टाकायचा. निघायच्या दिवशी तो मी पिशवीत घातला. कोणाला विचारलं नाही. मुक्ताला वाटलं असेल तू दिलास, तुला वाटलं असेल वाऱ्याने गेला किंवा कोणी धुवायला घेतला. इथे आल्यावर तो काढून मांडीवर घेऊन बसले, आणि तेव्हा कळलं की तूही तो खुंटीवर शोधला असशील.

ओंकारजवळ दिलाय, प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर गाठ मारून. चिकाचे डाग आहेत तसेच आहेत. धुतलेला नाही.

तुझी,
बाय